आजार न सांगता रजा सांगा: मेडिकल सर्टिफिकेटवरून एचआरसाठी गोषवारा कसा करावा

कारखान्याच्या टाइम ऑफिसला किंवा आतल्या दवाखान्यात नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या टेबलावर मेडिकल सर्टिफिकेटांचा गठ्ठा येतो. एचआरला त्यातून तीनच गोष्टी हव्या असतात: माणूस कधीपासून कधीपर्यंत रजेवर, एकूण किती दिवस, आणि परत आल्यावर कोणते काम द्यायचे नाही. कागदावर मात्र चौथी गोष्ट ठळक अक्षरांत असते, ती म्हणजे आजाराचे नाव.

हे नाव तिथे डॉक्टरांच्या बेफिकिरीमुळे येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेला रजेच्या दाखल्याचा एक नमुना जोडलेला आहे. त्यातच ‘अमुक आजाराने ग्रस्त आहे’ अशी मोकळी जागा सोडलेली आहे आणि बहुतेक डॉक्टर तोच नमुना वापरतात. म्हणजे कागद आपल्याकडे आजारासकटच येणार. तो तिथेच थांबवून फक्त तारखा आणि निर्बंध पुढे पाठवायचे, हे गोषवारा करणाऱ्याचे काम.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ते रचलेले आहे, पण कागदांवरची भाषा रोज दिसते तशीच आहे. स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा, तिन्ही पाळ्यांत काम करणारा एक ऑपरेटर. त्याने तीन कागद आणून दिले.

पहिला, ४ जून २०२५ चा, मेंदूविकारतज्ज्ञाच्या लेटरहेडवर: ‘जनरलाइज्ड सीझर्ससाठी २/६/२५ पासून माझ्याकडे उपचार सुरू, रेस्ट २/५२, २/६/२५ पासून.’ दुसरा, १७ जूनचा: ‘आणखी १० दिवस रेस्ट.’ तिसरा, २५ जूनचा: ‘२६/६/२५ पासून कामावर रुजू होण्यास फिट. ड्रायव्हिंग, उंची, पोहणे, लेट नाइट्स टाळावे. गोळ्या चालू ठेवाव्यात. ३ महिन्यांनी रिव्ह्यू.’

आधी कागद कुठे जातो ते ठरवा

गोषवारा कितीही काळजीपूर्वक केला तरी मूळ सर्टिफिकेटचा फोटो आधीच विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला असेल तर त्याचा काय उपयोग? आणि तसे सर्रास होते. कामगार सुपरवायझरला फोटो पाठवतो, सुपरवायझर ‘एफवायआय’ म्हणून तो ग्रुपवर टाकतो. म्हणून कामगारांना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा: सुपरवायझरला फक्त ‘आजारी आहे, इतक्या तारखेपर्यंत येणार नाही’ एवढेच कळवायचे, कागद दवाखान्यात किंवा टाइम ऑफिसातल्या ठरलेल्या एकाच व्यक्तीकडे बंद पाकिटात द्यायचा.

मूळ कागद कुलूपबंद कपाटात राहतात. स्कॅन केलेच तर फाइलच्या नावात आजार, डॉक्टर किंवा हॉस्पिटलचे नाव नको. कर्मचारी क्रमांक आणि तारीख पुरे. पीडीएफवर काळी पट्टी ओढून एचआरला पाठवण्याची युक्ती नवीन लोक हमखास करतात. पट्टीखालचा मजकूर बऱ्याचदा तसाच शिल्लक असतो आणि सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केला की जसाच्या तसा दिसतो. शिवाय पट्टी नीट मारली तरी वरचे लेटरहेड राहतेच. मूळ कागद झाकत बसण्यापेक्षा गोषवारा कोऱ्या पानावर नव्याने लिहिणे सोपे आणि सुरक्षित.

तारखा वाचताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून घाई करू नका.

डॉक्टर दिवसांची संख्या अपूर्णांकासारखी लिहितात. खाली ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने. त्यामुळे २/५२ म्हणजे दोन आठवडे, ५/७ म्हणजे पाच दिवस. गंमत अशी की ‘रेस्ट ५/७’ हे नवख्याला ५ जुलै वाटते. शंका आली तर शेजारी ‘पासून’ किंवा ‘पर्यंत’ असा शब्द आहे का ते बघा. तो नसेल आणि आकड्याला वर्षही जोडलेले नसेल, तर ती बहुधा मुदत असते.

मोजणीत पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरायचे. आपल्या ऑपरेटरचे दोन आठवडे २ जूनपासून सुरू होतात, म्हणजे २ ते १५ जून, १४ दिवस. वजाबाकी करून १३ लिहिणारे आणि १६ जूनपर्यंत रजा धरणारे, दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. पडताळा सोपा आहे: पूर्ण आठवड्यांची रजा सोमवारी सुरू झाली असेल तर ती रविवारीच संपली पाहिजे. २ जून २०२५ ला सोमवार होता आणि १५ जूनला रविवार, म्हणजे हिशोब बरोबर.

दुसऱ्या कागदात खरी अडचण आहे. ‘आणखी १० दिवस’, पण कुठून? दाखला १७ जूनचा. रजा १६ पासून धरली तर ती २५ जूनला संपते आणि सलग होते. १७ पासून धरली तर २६ ला संपते आणि १६ जूनचा एक दिवस उघडा पडतो. ‘आणखी’ म्हटले आहे म्हणून सलगच असणार, असा तर्क करून १६ तारीख लिहून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. फिट असल्याचा दाखला २६ जूनपासूनचा आहे, त्यामुळे १६ ते २५ हेच बरोबर असण्याचा संभव जास्त, हे खरे. तरीही तारीख डॉक्टरांनीच लिहायला हवी, कारण पुढे एका दिवसाचा पगार कापला गेला तर भांडण आपल्या अंदाजावरून होणार. कामगाराला कागद परत देऊन ‘कोणत्या तारखेपासून’ एवढेच डॉक्टरांकडून लिहून, खाली सही घेऊन यायला सांगा. इथे डॉक्टरांनी १६/६/२५ लिहून दिले असे धरू. मग दोन दाखल्यांचे मिळून १४ अधिक १०, एकूण २४ दिवस.

हे २४ कॅलेंडरचे दिवस आहेत. त्यातल्या साप्ताहिक सुट्ट्या रजेत धरायच्या की नाही, रजा पगारी की बिनपगारी, हे कंपनीच्या नियमांवर ठरते आणि ते काम एचआरचे. गोषवाऱ्यात डॉक्टरांचे दिवस लिहायचे, खात्यातून वजा होणारे नव्हे. दोन्ही आकडे एकाच रकान्यात आले की महिनाअखेर मस्टर जुळत नाही.

दाखला ज्या तारखेला दिला त्याआधीचे दिवसही कधी कधी त्यात असतात. आपल्या पहिल्या कागदात दोन दिवस मागचे आहेत, पण उपचार २ जूनपासून चालू असल्याचे डॉक्टरांनी स्वतःच लिहिले आहे, तेव्हा प्रश्न नाही. तेच ४ जूनच्या दाखल्यात काहीही खुलासा न करता २८ मेपासून रजा लिहिलेली असेल, तर गोषवाऱ्यात ‘दाखल्याच्या तारखेआधीचे दिवस: ७’ अशी नोंद करून मोकळे व्हा. ते मान्य करायचे की नाही हे एचआर ठरवेल. ‘संशयास्पद’ वगैरे शेरा मारण्याचा अधिकार आपला नाही.

‘पुढील तपासणीपर्यंत’ असे लिहिलेले असेल तर शेवटची तारीख रिकामी ठेवा आणि तपासणीची तारीख लिहा. तिथे अंदाजाने महिनाअखेर टाकू नका. आणि फिट असल्याची तारीख ही रुजू होण्याची तारीख नव्हे, हेही ध्यानात ठेवा. २६ पासून फिट असलेला माणूस २८ ला आला, तर २६ आणि २७ हे दोन दिवस कोणत्याच दाखल्यात बसत नाहीत. प्रत्यक्ष हजर झाल्याची तारीख हजेरीवरून येईल, सर्टिफिकेटवरून नाही.

निर्बंध: शरीराचे नाही, कामाचे

तिसऱ्या कागदावर चार गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत. त्या तशाच उतरवल्या तर वाचणाऱ्याला फार डोके चालवावे लागत नाही. गाडी नको, उंची नको, पोहणे नको, जागरण नको म्हटले की फिटचे झटके येतात हे कुणीही ओळखेल. निदानाचा शब्द काढून टाकला, तरी निदान तिथेच राहिले.

आता एकेक घ्या. पोहणे कामात कुठेच नाही, म्हणून ते गाळायचे. सगळ्यात मोठी खूण तीच होती आणि एचआरला तिचा काडीचा उपयोग नाही. गोळ्यांचा उल्लेखही गाळायचा.

ड्रायव्हिंग हे त्याचे कामच आहे, म्हणून ते राहणार, पण कामाच्या शब्दांत: ‘कामावर फोर्कलिफ्ट वा अन्य कोणतेही वाहन चालवू नये.’ घरून येताना तो बसने येतो की कुणाच्या मागे बसून, हा प्रश्न त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा.

उंची गाळता येईल असे वाटते, कारण फोर्कलिफ्ट ऑपरेटर उंचीवर काम करत नाही. पण फोर्कलिफ्ट बंद झाली की त्याला दुसरे काम देणार, आणि स्टोअरमधले दुसरे काम म्हणजे शिडी लावून वरच्या रॅकवरचा माल मोजणे. तेव्हा निर्बंध गाळताना माणसाचे आजचे काम बघून भागत नाही, उद्या कोणते काम मिळू शकते तेही बघायला हवे. गोपनीयतेपायी सुरक्षितता गेली तर त्या गोषवाऱ्याला अर्थ नाही.

‘लेट नाइट्स’चे काय? डॉक्टरांना रात्रपाळी नको असे म्हणायचे असेल हे उघड आहे. पण दुसरी पाळी दुपारी ३ ला सुरू होऊन रात्री ११.३० ला सुटत असेल तर ती चालेल का? डॉक्टरांना आपल्या पाळ्या माहीत नसतात आणि ‘सेकंड शिफ्ट’ म्हणजे प्रत्येक कारखान्यात वेगळी वेळ. विचारायचे ते घड्याळाच्या भाषेत.

‘लाइट ड्यूटी’ हा शब्द याहून वाईट. त्याचा अर्थ सुपरवायझर एक लावतो, कामगार दुसरा आणि डॉक्टरांच्या मनात तिसराच असतो. किती किलोपर्यंत उचलायचे, सलग किती वेळ उभे राहायचे, कोणत्या वेळात काम करायचे, हे आकड्यांत आले नाही तर तो निर्बंध कुणालाच पाळता येत नाही. आकडा आपण घालायचा नाही. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवायची, तीही कामगाराच्याच हाती, म्हणजे काय विचारले जात आहे हे त्यालाही कळते:

‘सदर कर्मचारी आपल्या दाखल्यानुसार २६ जूनपासून कामावर येत आहेत. कृपया पुढील बाबी स्पष्ट कराव्यात: रात्री किती वाजेपर्यंत काम चालेल? शिडी किंवा स्टूलवर चढणे चालेल का? हे निर्बंध कोणत्या तारखेपर्यंत? आजाराचे नाव, तपासण्या किंवा औषधे कृपया लिहू नयेत.’

शेवटचे वाक्य विसरू नका. नाहीतर डॉक्टर भल्या मनाने पुन्हा सगळा इतिहास लिहून पाठवतात. उत्तर आले असे समजू: रात्री १० नंतर काम नको, शिडी वा स्टूल अजिबात नको, दोन्ही पुढच्या तपासणीपर्यंत.

तयार गोषवारा

आता एचआरला जाणारा कागद असा होईल:

कर्मचारी क्रमांक: (फक्त क्रमांक)
वैद्यकीय रजा: २ जून २०२५ ते २५ जून २०२५, दोन्ही दिवस धरून
एकूण: २४ दिवस, साप्ताहिक सुट्ट्यांसह
दाखले: दोन, सलग, मधे खंड नाही
कामावर येण्यास योग्य: २६ जून २०२५ पासून, निर्बंधांसह
निर्बंध: १) कामावर फोर्कलिफ्ट वा अन्य वाहन चालवू नये. २) शिडी, स्टूल वा रॅकवर चढू नये. ३) रात्री १० नंतर काम नको.
मुदत: डॉक्टरांचे पुढचे पत्र येईपर्यंत. फेरतपासणी २५ सप्टेंबर २०२५ च्या सुमारास.
पडताळणी: झाली
मूळ कागद: दवाखान्याच्या कपाटात

पाठवण्याआधी हा कागद ऑपरेटरला दाखवा. त्याच्याबद्दल काय लिहिले जात आहे हे बघण्याचा त्याला हक्क आहे आणि तारखेची चूक सगळ्यात आधी त्यालाच दिसते.

सुपरवायझरला यातलेही सगळे लागत नाही. त्याला निर्बंध नव्हे, काम सांगायचे: ‘२६ जूनपासून पुढील सूचनेपर्यंत पहिली पाळी किंवा जनरल. स्टोअरमध्ये जमिनीवरच्या मालाची मोजणी आणि बारकोड स्कॅनिंग. यात बदल करण्यापूर्वी एचआरला विचारावे.’ शेवटचे वाक्य नसेल तर आठवड्याभरात कुणीतरी रजेवर जाते आणि ‘आजच्या दिवस फोर्कलिफ्टवर बस’ असे म्हटले जाते.

खुणा कुठे राहून जातात

डॉक्टरांचे नाव गोषवाऱ्यात नको, कारण नावावरून विभाग कळतो. कॅन्सर हॉस्पिटल किंवा मानसोपचारतज्ज्ञ एवढे वाचले की पुढचे वाचावे लागत नाही. नाव गाळून नोंदणी क्रमांक लिहिणारेही असतात, पण क्रमांकावरून नाव ऑनलाइन शोधता येते. ‘नोंदणीकृत डॉक्टर, पडताळणी झाली’ एवढे पुरते.

पडताळणी म्हणजे सही, शिक्का, तारीख, नोंदणी क्रमांक बघणे आणि शंका असेल तर दवाखान्यात फोन करणे. दिलेल्या दाखल्यांचे रजिस्टर ठेवणे २००२ च्या त्याच आचारसंहितेनुसार डॉक्टरांना बंधनकारक आहे, त्यामुळे ‘या तारखेला, या तारखांसाठी आपण दाखला दिला का?’ याचे उत्तर त्यांना देता येते. त्यापलीकडे एकही प्रश्न विचारू नका.

रजेचा प्रकारही बोलका असतो. मातृत्व लाभाच्या तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा आहे. एखाद्या बाईच्या नावापुढे ‘मातृत्व रजा, ४२ दिवस’ असे विभागाच्या रजा-तक्त्यात दिसले की तिच्यावर काय गुजरले ते सगळ्या मजल्याला समजते. पगार करणाऱ्याला प्रकार लागतो, तो त्याला वेगळा कळवा. तक्त्यात नुसते ‘मंजूर रजा’ पुरे. ईएसआयचेही तसेच. साधा आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, त्यावरून काही कळत नाही. पण ‘एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट’ हा ठरावीक दीर्घ आजारांच्या यादीसाठीच आहे आणि त्या यादीत क्षयरोग, कॅन्सर, मानसिक आजार आहेत. हे नाव गोषवाऱ्यात आले की आजार तेवढ्या यादीपुरता मर्यादित होतो.

ठरावीक वारी उपचार असतील तर ‘डायलिसिससाठी मंगळवार, शुक्रवार’ असे न लिहिता ‘मंगळवार आणि शुक्रवारी दुपारी १ नंतर अनुपस्थित, ३० सप्टेंबरपर्यंत’ असे लिहा.

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, मानसिक आजारांच्या गोपनीयतेसाठी त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा आहे. कागदावर असे काही दिसले तर तो कागद शेजारच्या सहकाऱ्याला ‘हे कसे लिहू?’ म्हणून दाखवायलाही नेऊ नका. प्रश्न विचारायचा तर कागदाशिवाय विचारा.

कामावर झालेला अपघात, कामामुळे जडलेला आजार, कँटीनमध्ये अन्न हाताळणाऱ्याचा संसर्ग, मेडिक्लेमचा दावा, इथे आजार कळणे गरजेचेच असते. पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. ती माहिती कारखान्याचे डॉक्टर, सुरक्षा अधिकारी किंवा विमा कंपनीकडे ज्याच्या त्याच्या फॉर्मवर जाते, रजेच्या गोषवाऱ्यातून नाही. एचआरमधून फोन आला, ‘साहेब विचारतायत, नक्की झालंय काय त्याला?’ तर उत्तर ठरलेले: ‘कामाबद्दल आणखी काही हवे असेल तर लेखी विचारा, डॉक्टरांकडून आणवून देतो.’ बहुतेक वेळा लेखी प्रश्न येतच नाही.

फेरतपासणीची तारीख

२५ सप्टेंबर ही निर्बंध संपण्याची तारीख नाही, हे एचआरच्या सॉफ्टवेअरला समजत नाही. ‘मुदत’च्या रकान्यात ती टाकली की २६ तारखेला निर्बंध आपोआप गळून पडतो आणि ऑपरेटर रात्रपाळीच्या फोर्कलिफ्टवर दिसतो. मुदत रिकामी ठेवून तारीख फक्त आठवणीसाठी लावा, ती आठवडाभर आधीची. त्या दिवशी ऑपरेटरला तपासणीची आठवण करून द्या. पत्र आले की जुन्या गोषवाऱ्यात खाडाखोड न करता नवा करा आणि त्यावर लिहा: ‘२६ जूनपासूनचे निर्बंध या पत्राने बदलले.’ एखादा निर्बंध उठला असेल आणि पत्रात दुसऱ्याचा उल्लेखच नसेल, तर दुसरा तसाच चालू धरा आणि पुन्हा एक चिठ्ठी पाठवा.